‘नॉमिनी म्हणजेच मालक’ असं लिहिणाऱ्या काकांना दिलेलं उत्तर

गृहनिर्माण संस्थांचं दप्तर आणि पत्रव्यवहार सांभाळणं हा माझा व्यवसाय. हे प्रकरण ठाण्यातल्या एका जुन्या सोसायटीतलं आहे. कोणाची ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत, पण पत्रांचा गाभा तोच ठेवला आहे.

सोसायटीतल्या एका काकूंचं निधन झालं. फ्लॅट त्यांच्या एकटीच्या नावावर होता आणि नॉमिनी म्हणून त्यांनी नवऱ्याचं नाव दिलं होतं. मागे काका, पुण्याला असलेला मुलगा आणि बेळगावला दिलेली मुलगी. मृत्युपत्र नव्हतं आणि घरात वादही नव्हता. काका एका मोठ्या खात्याच्या भांडार विभागातून निवृत्त झालेले. कुठलाही कागद जावक क्रमांक टाकल्याशिवाय हातातून सुटायचा नाही. त्यांनी सोसायटीला टाईप केलेलं दोन पानी पत्र दिलं. मागणी अशी होती: मी नॉमिनी आहे, म्हणजे कायद्याने आता फ्लॅटचा मालक मीच आहे, तेव्हा पंधरा दिवसांत शेअर सर्टिफिकेट माझ्या नावे करून मिळावं. सोबत 2016 सालचं वर्तमानपत्राचं कात्रण जोडलेलं, ‘नॉमिनीच फ्लॅटचा मालक’ अशा अर्थाच्या मथळ्याचं. पत्राची प्रत कमिटीच्या सगळ्या सभासदांना दिली होती आणि फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकला होता.

पत्रातल्या बऱ्याच गोष्टी बरोबर होत्या. मृत्यूचा दाखला, नॉमिनेशनची प्रत, सगळं जोडलेलं होतं. नॉमिनी किंवा वारसाच्या नावे हस्तांतरण होताना प्रीमियम लागत नाही, हा मुद्दाही त्यांनी अचूक मांडला होता. (हा मुद्दा कित्येक कमिट्यांना माहीत नसतो आणि पंचवीस हजारांची पावती फाडायला त्या तयार बसलेल्या असतात.) एके ठिकाणी त्यांनी ‘सहकार कायदा 1961’ असं लिहिलं होतं. कायदा 1960 चा आहे, 1961 चे ते नियम. पण निर्णय बदलणारी चूक एकच होती, ती म्हणजे नॉमिनी आणि मालक एकच.

ही चूक कुठून आली हे शोधल्याशिवाय उत्तर लिहायला बसू नये, असं माझं मत आहे. काकांच्या बाबतीत ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. काकूंच्या विम्याची रक्कम नुकतीच त्यांच्या खात्यावर जमा झाली होती. 2015 च्या दुरुस्तीनंतर विम्यात आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील, तर ती रक्कम खरोखरच त्यांची होते. बँकेतली मुदत ठेवही नॉमिनी म्हणून त्यांच्याच हातात आली होती. तिथे ते पैसे वारसांच्या वतीने मिळतात ही बाब काउंटरवर कोणी समजावून सांगत नाही. दोन ठिकाणी नॉमिनी म्हणून सही केली आणि दोन्ही ठिकाणी पैसे हातात पडले. तिसऱ्या ठिकाणी फ्लॅटही तसाच येईल, असं मानणाऱ्या माणसाची विचारपद्धती सरळच म्हणायला हवी. चुकलं ते एवढंच, की फ्लॅटला लागणारा कायदा निराळा आहे.

कात्रणाचंही तसंच. इंद्राणी वाही प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल खरा आहे. पण तो पश्चिम बंगालच्या सहकार कायद्यावरचा आहे, आणि त्यात संस्थेने नॉमिनीच्या नावे नोंद करावी असं सांगतानाच इतर वारसांना आपला हक्क मागायची वाट मोकळी ठेवलेली आहे. बातमीत पहिला अर्धा भाग आला, दुसरा मथळ्यात मावला नाही. महाराष्ट्रात तर 2019 च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण घातलं, आणि त्यातल्या कलम 154ब-13 प्रमाणे नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं असतं, वारसांची नोंद होईपर्यंत. काकूंचे वारस तिघं: काका, मुलगा आणि मुलगी, सारख्या हिश्शाने.

सोसायटीच्या सेक्रेटरी चाळिशीतल्या, कामाला चोख. त्यांनी उत्तराचा कच्चा मसुदा मला पाठवला. तो असा होता:

‘आपणांस कळविण्यात येते की, नॉमिनी हा केवळ विश्वस्त असतो, मालक होत नाही, ही प्राथमिक बाब आपण विचारात घेतलेली दिसत नाही. आपण जोडलेले कात्रण पश्चिम बंगालच्या कायद्यासंबंधी असून ते महाराष्ट्रास लागू नाही. तसेच कायद्याचे साल 1960 असून आपण नमूद केल्याप्रमाणे 1961 नाही. सबब आपला अर्ज अमान्य करण्यात येत आहे. कृपया नोंद घ्यावी.’

कायद्याच्या अंगाने यातलं फारसं काही चुकीचं नव्हतं. पण पत्र वाचताना काकांचा चेहरा कसा होईल हे मला दिसत होतं. जवळजवळ प्रत्येक वाक्यात ‘आपण’ आहे आणि त्याला चिकटून एक चूक आहे. आपण विचारात घेतलं नाही, आपण जोडलेलं लागू नाही, आपण नमूद केलेलं साल बरोबर नाही. त्यात ‘प्राथमिक बाब’. ज्याला ती माहीत नव्हती त्याला हा शब्द थेट ‘एवढंही कळत नाही का’ असाच ऐकू येतो. सालाची दुरुस्ती तर निव्वळ हौस. 1961 लिहिल्याने काकांच्या अर्जावर काडीचाही फरक पडत नव्हता. एका पत्रात दोन चुका दाखवल्या की मोठी चूकही खुसपट काढल्यासारखी वाटायला लागते, आणि माणूस सालावर भांडत बसतो.

सर्वांत वाईट म्हणजे ‘अमान्य’. अर्जाचा अर्धा भाग मान्य करण्याजोगा होता. तात्पुरतं सभासदत्व काकांना मिळायलाच हवं होतं, ते सोसायटीचं कर्तव्य होतं. सेक्रेटरींच्या मसुद्यात त्याचा उल्लेखच नव्हता. म्हणजे समोरच्याची चूक दाखवण्याच्या भरात त्याचा खरा हक्कही पुसला गेला होता.

हे मी त्यांना सांगितल्यावर त्यांनी दुसरा मसुदा केला आणि तो नेमका उलट्या टोकाला गेला: ‘आपल्या पत्रातील मुद्दे महत्त्वाचे आहेत. आपण म्हणता त्याप्रमाणे कार्यवाही करण्याचा कमिटीचा प्रयत्न राहील. तथापि काही तांत्रिक बाबींची पूर्तता आवश्यक असल्याने थोडा अवधी लागू शकतो.’

हा मसुदा मी जास्त धोकादायक मानतो. पहिल्याने काका रागावले असते, पण वस्तुस्थिती तरी कळली असती. दुसरा वाचून त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं असतं की सर्टिफिकेट होतंय, जरा वेळ लागेल. अशा पत्राची एक परीक्षा मी नेहमी घेतो. प्रकरण माहीत नसलेल्या कोणाच्या तरी हातात मसुदा द्यायचा आणि विचारायचं, हे पत्र मिळाल्यावर तो माणूस उद्या सकाळी काय करेल? सेक्रेटरींच्या यजमानांनी दुसरा मसुदा वाचून उत्तर दिलं, ‘काही नाही, सर्टिफिकेटची वाट बघेल.’ वाट बघताबघता काकांनी फ्लॅट विकायला काढला असता आणि कोणाकडून बयाणा घेतला असता, तर त्या अदबीची किंमत तिघांनी मोजली असती.

शेवटी जे पत्र गेलं ते असं:

‘विषय: फ्लॅटचे शेअर सर्टिफिकेट आपल्या नावे करण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

आपले पत्र, मृत्यूचा दाखला, नॉमिनेशनची प्रत व वृत्तपत्रातील कात्रण मिळाले. कागदपत्रे पूर्ण आहेत. नॉमिनेशनच्या नोंदीसाठी यापेक्षा अधिक काही लागणार नाही. या हस्तांतरणास प्रीमियम लागू नाही, हे आपण लिहिल्याप्रमाणे बरोबर आहे, आणि तो आकारला जाणार नाही.

कै. सौ. काकूंनी केलेल्या नॉमिनेशननुसार आपणांस तात्पुरते सभासद म्हणून दाखल करून घेण्याचा विषय येत्या कमिटी सभेत ठेवला आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 मध्ये 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार नॉमिनीचे हे सभासदत्व वारसांची नोंद होईपर्यंत असते. नॉमिनेशनमुळे फ्लॅटची मालकी बदलत नाही, ती वारसांकडे जाते. त्यामुळे केवळ नॉमिनेशनच्या आधारे शेअर सर्टिफिकेट कायमस्वरूपी आपल्या नावे करता येणार नाही. विमा आणि फ्लॅट यांचे नियम या बाबतीत वेगळे आहेत. कात्रणातील निकालातही वारसांचा हक्क राखून ठेवला आहे. बातमीत तो भाग आलेला नाही. निकालाची प्रत सोबत जोडली आहे.

मृत्युपत्र नसल्याचे आपण कळविले आहे. तेव्हा आपण, आपले चिरंजीव व कन्या असे तिघे वारस होता. सर्टिफिकेट एकट्या आपल्या नावे हवे असल्यास चिरंजीव व कन्या यांनी आपल्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. तिघांची नावे लावायची असल्यास तसा अर्ज तिघांच्या सहीने द्यावा. यापैकी जे ठरेल ते कागद आल्यानंतरच्या पहिल्या सभेत घेऊ. तोपर्यंत फ्लॅटच्या विक्रीसंबंधी कोणताही व्यवहार करू नये, ही विनंती.

आपली विश्वासू,
चिटणीस’

मुख्य दुरुस्ती एका साध्या वाक्यात आहे: ‘नॉमिनेशनमुळे फ्लॅटची मालकी बदलत नाही.’ त्यात ‘कदाचित’ नाही, ‘आमच्या मते’ नाही आणि काकाही नाहीत. वाक्य फक्त नियम सांगतं. ‘आपला गैरसमज झालेला दिसतो’ हे वाक्य सेक्रेटरींना त्याआधी हवं होतं, कारण एरवी काकांना आपलं चुकलं हे कळणार कसं? माझं म्हणणं असं, की नियम स्पष्ट लिहिला आणि त्याखाली ‘करता येणार नाही’ असंही स्पष्ट लिहिलं, की स्वतःचं पत्र काय म्हणत होतं हे माणसाला आठवतंच. आपण ते त्याला वाचून दाखवायची गरज नसते.

चुकीचं मूळही पत्रात आहे, पण फक्त एका ओळीत: विमा आणि फ्लॅट यांचे नियम वेगळे. तेवढ्याने काकांना कळलं की आपला तर्क हवेतला नव्हता. याहून जास्त लिहिलं असतं, ‘असा समज अनेकांचा असतो, त्यात आपली काही चूक नाही’ वगैरे, तर सांत्वन केल्यासारखं झालं असतं. बायको नुकतीच गेलेल्या माणसाला सोसायटीच्या लेटरहेडवर धीर द्यायला जाणं मला बरं वाटत नाही. आणि कात्रण खोटं ठरवलं नाही, कारण ते खोटं नव्हतंच, अपुरं होतं. अपुरेपणाचा बोल बातमीकडे गेला, आणि तो जायला हवा होता तिथेच गेला. निकालाची प्रत जोडली ती काकांसाठीच. ज्यांनी आयुष्यभर कागदावर विश्वास ठेवला त्यांना आपला शब्द ऐकवण्यापेक्षा मूळ कागद वाचायला द्यावा. तिथे ते स्वतःच निष्कर्षाला येतात, आणि कोणी दुरुस्त केलं ही भावनाच उरत नाही.

1961 चं काय झालं? आमच्या वाक्यात 1960 लिहिलं, बस. ज्याला बघायचं तो बघेल. ही मुकाट्याने केलेली दुरुस्ती अशा किरकोळ चुकांपुरतीच चालते. मालकीचा मुद्दा असा मुकाट्याने सुधारता आला नसता, कारण काका त्यावर विसंबून पुढचं पाऊल टाकणार होते.

हक्कसोडपत्राचा खर्च पत्रात लिहावा असं सेक्रेटरींना वाटत होतं. मी नको म्हटलं. मुद्रांक शुल्क मिळकतीच्या प्रकारावर आणि नात्यावर ठरतं. ते दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा वकिलाकडूनच विचारून घ्यावं. दुसऱ्याची चूक दुरुस्त करणाऱ्या पत्रात आपला एखादा आकडा चुकला, तर सगळं पत्रच हसण्यावारी जातं.

पत्र पोहोचवण्यावरून आमचा थोडा वाद झाला. सेक्रेटरींचं म्हणणं, आधी चहाला जाऊन तोंडी सांगते, मग पत्र देते. आपल्याकडे ते जास्त आपुलकीचं मानतात, आणि एरवी मीही तसंच सुचवलं असतं. पण इथे माणूस लेखी आणि ठाम बोललेला होता. समोर कोणी बसलेलं असताना त्याला पहिल्यांदाच कळलं की आपण चुकलो, तर तो तिथल्या तिथे बाजू मांडायला लागतो आणि मग मागे फिरणं अवघड होतं. त्याला एकट्याने वाचू द्यावं. म्हणून ठरलं असं की त्यांनी स्वतः बंद पाकीट नेऊन द्यायचं, पोच घ्यायची, आणि दारातच ‘काका, तुमच्या पत्राचं उत्तर आणलंय, सावकाश बघा, काही लागलं तर मी आहेच’ एवढं म्हणून परतायचं. वॉचमनच्या वहीत सही घेऊन पाकीट दिलं असतं तर ते नोटीस आल्यासारखं दिसलं असतं.

काकांनी प्रत सगळ्या कमिटीला दिली होती, तरी उत्तराची प्रत कोणाला दिली नाही. कमिटीला सभेत विषय येणारच होता. मुलामुलीला परस्पर कळवण्याचाही विचार कोणीतरी बोलून दाखवला. तो मी तिथेच थांबवला. हक्कसोडपत्राला त्यांच्या सह्या लागणारच, पण त्यांना सांगायचं ते वडिलांनी, आपल्या शब्दांत. सोसायटीने मुलाला कळवणं म्हणजे बापाची तक्रार मुलाकडे नेणं.

राहिला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. काकांचं पत्र तिथे वाचून निदान एका विधवा बाईंनी सेक्रेटरींना विचारलं होतं, ‘म्हणजे माझंही असंच होईल ना?’ तेव्हा गप्प बसून चालणार नव्हतं. पण काकांच्या पोस्टखाली उत्तर देणं म्हणजे सगळ्या सोसायटीसमोर त्यांना उभं करणं. त्या बाईंना सेक्रेटरींनी फोनवर वेगळं समजावलं. ग्रुपवर काहीच टाकलं नाही. काही आठवड्यांनी, नॉमिनेशन अर्ज अद्ययावत करण्याचं परिपत्रक सगळ्यांनाच द्यायचं होतं, त्यात नॉमिनी आणि वारस यांतला फरक चार ओळींत घातला. त्याच आठवड्यात परिपत्रक काढलं असतं तर ते कोणासाठी आहे हे शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं.

दोन दिवसांनी काकांचं उत्तर आलं, अर्थातच जावक क्रमांकासह. त्यात लिहिलं होतं: ‘आपल्या पत्रात नमूद केलेली कार्यपद्धती माझ्या मूळ पत्राशी सुसंगतच आहे. माझे म्हणणेही तात्पुरत्या सभासदत्वाबाबतच होते. चिरंजीव व कन्या यांचेशी बोलून पुढील कागदपत्रे सादर करीत आहे.’

सेक्रेटरी भडकल्या. ‘अहो, सरळ सरळ मालक असं लिहिलंय पहिल्या पत्रात! हे असंच फाईलला लावायचं?’ त्यांना निदान एक ओळ लिहून हवी होती, की आपल्या मूळ पत्रात मागणी वेगळी होती. मी म्हटलं, लावा फाईलला. दोन्ही पत्रं एकाखाली एक आहेत, उद्या कोणाला गरज पडली तर वाचता येतील. काका योग्य ते करायला निघालेत. आपण आधीपासून हेच म्हणत होतो असं त्यांना वाटत असेल तर त्याने कोणाचंही नुकसान होत नाही. मुलीने हरकत घेतली असती किंवा बयाणा घेतला गेला असता, तर मात्र मी वेगळं सांगितलं असतं. तेव्हा मूळ मागणी काय होती आणि सोसायटीने काय कळवलं हे तारखेनिशी लिहावंच लागतं, मग कोणाला लागो.

सभेच्या इतिवृत्तातही एक वाक्य बदलावं लागलं. कच्च्या इतिवृत्तात होतं, ‘सभासदांनी चुकीच्या समजुतीने केलेल्या अर्जावर चर्चा झाली.’ इतिवृत्ताच्या प्रती सभासद मागू शकतात, आणि हे वाक्य तिथे कायमचं राहिलं असतं. पक्कं झालं ते असं: ‘नॉमिनेशनच्या आधारे आलेला अर्ज वाचण्यात आला. अर्जदारांना तात्पुरते सभासद म्हणून दाखल करून घेण्याचे सर्वानुमते ठरले. वारसांचे कागद आल्यावर विषय पुन्हा घ्यावा.’

गणपतीत मुलगी माहेरी आली तेव्हा भाऊ-बहीण दोघांनी जाऊन हक्कसोडपत्र नोंदवलं. काकांनी त्याची प्रत आणि अर्ज दिला, आणि पुढच्या सभेत शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला त्यांच्या नावाची नोंद होऊन अध्यक्ष-चिटणिसांच्या सह्या झाल्या. त्या अर्जात कायद्याचं साल 1960 होतं.